साडी बदलून हवी आहे: दुकानाने उत्तर कसं लिहावं?

गुरुवार, ५ जून. रात्री पावणेदहाला पुण्यातल्या एका साडीच्या दुकानाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप येतो. ‘ताई, साडी परवा मिळाली. पण रंग फोटोसारखा नाही वाटत. बदलून मिळेल का? अजून फॉल-पिकोला दिलेली नाही.’ ग्राहक इंदूरची. साडी सहा हजार चारशे पन्नास रुपयांची, फोटो पाहून मागवलेली. प्रसंग नमुन्यादाखल घेतला आहे, पण ऑनलाइन साड्या विकणाऱ्या कुणालाही तो ओळखीचा वाटेल, आणि सणासुदीच्या दिवसांत तर असे निरोप रांगेने येतात.

त्यांना जी उत्तरं जातात तीही ठरलेली. ‘बघून सांगतो.’ ‘पॉलिसीप्रमाणे होईल.’ किंवा सरळ काउंटरवरच्या पाटीचं वाक्य, ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’ पहिल्या दोन उत्तरांतून ग्राहकाला काहीच कळत नाही, म्हणून ती दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारते, तिसऱ्या दिवशी फोन करते आणि चौथ्या दिवशी आवाज चढतो. तिसरं उत्तर कडक वाटतं, पण सरसकट दिलं तर ते कायद्यापुढे टिकत नाही.

२०१९चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून लागू झाला. ‘अनुचित व्यापारी प्रथा’ कशाला म्हणायचं याची त्यात यादी आहे. सदोष माल परत घ्यायला आणि घेतलेली किंमत परत करायला नकार देणं हे त्या यादीत आहे. मुदत कोणती, तर बिलावर किंवा पावतीवर छापलेली. बिलावर मुदतच छापलेली नसेल तर तीस दिवस. म्हणजे मुदतीबद्दल गप्प राहिलेलं बिल दुकानदाराच्या सोयीचं नसून ग्राहकाच्या सोयीचं आहे. कित्येक दुकानं आपली सात दिवसांची अट इन्स्टाग्रामच्या पानावर लिहितात आणि बिल मात्र कोरं ठेवतात. वाद झालाच तर पाहिलं जाईल ते बिल.

याच्या उलट, माल चांगला आहे, वर्णनाप्रमाणे आहे, फक्त मन बदललं, घरच्यांना आवडला नाही, लग्नच पुढे ढकललं, अशा वेळी तो परत घेण्याची सक्ती हा कायदा दुकानावर करत नाही. तिथे दुकानाचं धोरण चालतं. धोरण उदार असो वा कंजूष, ते खरेदीच्या आधी सांगितलेलं असलं म्हणजे झालं.

तेव्हा उत्तर लिहायला बसण्याआधी एकच गोष्ट ठरवायची असते. मागणी दोषाची आहे की पसंतीची? पुढचं सगळं, म्हणजे मुदत, कुरिअरचा खर्च, पैसे की दुसरी वस्तू, या एका निवाड्यावरून ठरतं. घाईत लिहिलेली बहुतेक उत्तरं इथेच घसरतात, कारण ‘रंग आवडला नाही’ आणि ‘रंग फोटोसारखा नाही’ ही वाक्यं दुकानदाराच्या कानाला एकसारखीच लागतात.

इंदूरच्या निरोपाचं असंच होऊ शकलं असतं. दुकानाच्या बिलावर छापलेलं आहे की पसंतीसाठी साडी सात दिवसांत बदलून मिळेल, येण्याजाण्याचा कुरिअर खर्च ग्राहकाचा, पैसे परत नाहीत. ही ओळ उचलून पाठवली असती तर काम दोन मिनिटांचं होतं. पण दुकानाने शुक्रवारी सकाळी आधी एक साधी विनंती केली. साडी खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात ठेवून एक फोटो पाठवा, आणि त्यात पदराजवळची चिठ्ठी दिसू द्या. दुपारी फोटो आला. साडी रामा रंगाची होती, हिरव्याकडे झुकणारी. दुकानाने विक्रीसाठी टाकलेल्या फोटोत तीच साडी पांढऱ्या ट्यूबच्या उजेडात स्पष्ट निळी दिसत होती, आणि खाली ‘मोरपंखी निळा’ असं लिहिलेलंही होतं.

आता हा पसंतीचा मामला उरला नाही. कायद्यात ‘दोष’ या शब्दाची व्याख्या रुंद आहे. फाटलेला काठ किंवा तुटलेली जर एवढ्यापुरती ती नाही. व्यापाऱ्याने कोणत्याही प्रकारे केलेल्या दाव्यात माल कमी पडला तर तोही दोषच. फोटो आणि त्याखालचं वर्णन हा दावाच आहे. जुलै २०२० मध्ये आलेले ई-कॉमर्सचे नियमही तेच सांगतात. माल जाहिरातीत सांगितल्यासारखा नसेल तर विक्रेत्याला तो परत घेणं किंवा पैसे देणं नाकारता येत नाही. निव्वळ व्हॉट्सअ‍ॅपवरून विकणाऱ्या छोट्या दुकानाला हे नियम जसेच्या तसे लागू होतात का, यावर वकील वाद घालू शकतील. मूळ कायद्यातून मात्र कुणीच सुटत नाही. म्हणून इथे कुरिअरचा खर्च दुकानाचा, आणि दुसरी साडी की पैसे हे ग्राहकाने ठरवायचं.

हातमागाच्या साडीबाबत मात्र थोडं जपून. धागा किंचित जाड-बारीक होणं, काठाच्या विणीत एखादी गाठ दिसणं हा हातमागाचा स्वभाव आहे. दुकानाने तो आधीच लिहून ठेवला असेल तर दोष म्हणून चालणार नाही. धूपछाँव साडीचा रंग तर कोन बदलला की बदलतोच. अशा तक्रारीत फोटोपेक्षा छोटा व्हिडिओ जास्त कामाचा.

निवाडा झाला की प्रश्न येतो तारखेचा. ‘सात दिवसांत’ हे ऐकायला नेमकं वाटतं, पण कधीपासून सात? इंदूरच्या साडीचं बिल २८ मेचं होतं आणि साडी हातात पडली मंगळवारी, ३ जूनला. बिलाच्या तारखेपासून मोजलं तर मुदत ४ जूनलाच संपते, म्हणजे साडी पाहायला एक दिवस. हातात पडल्यापासून मोजलं तर ती १० जूनपर्यंत जाते. ग्राहक दुसऱ्या अर्थाने वाचणार आणि चिडलेला दुकानदार पहिल्या अर्थाने. म्हणून बिलावर ‘साडी हातात मिळाल्यापासून ७ दिवस’ असं छापावं, आणि उत्तरात दिवस मोजायचं काम ग्राहकावर न टाकता दुकानाने स्वतः मोजून वार आणि तारीख लिहावी. मिळाल्याची तारीख कुरिअरच्या ट्रॅकिंगमध्ये असते, ती शोधायला मिनिटही लागत नाही.

दुसरी भाषा का, हेही याच प्रसंगात दिसतं. इंदूरमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरांत बोलणं मराठी असतं, पण मुलं बहुतेक हिंदी किंवा इंग्रजी शाळेत शिकलेली. साडी मागवते आई, कुरिअरवाल्याशी बोलतो मुलगा, आणि पार्सल देताना दारात कदाचित शेजारीण. उत्तर तिघांनाही वाचता आलं पाहिजे. मुंबईतल्या दुकानाला हीच गरज मराठी-गुजरातीची पडेल, सोलापूरच्या दुकानाला मराठी-तेलुगू किंवा मराठी-कन्नडची. कोणती जोडी घ्यायची ते ग्राहक पाहून ठरवायचं.

दोन्ही भाषा एकाच लांब निरोपात कोंबू नयेत. मोठा निरोप व्हॉट्सअ‍ॅप मध्येच तोडतं आणि पुढचं वाचायला दाबावं लागतं. खालची भाषा दिसतच नाही, आणि शेवटची तारीख तळाशी असेल तर तीही दडते. म्हणून दोन वेगळे निरोप लागोपाठ पाठवावेत. आईने मुलाला फक्त हिंदी निरोप पुढे धाडला तरी तो पूर्ण असतो. निर्णय आणि तारीख दोन्हींत पहिल्याच ओळीत. ओळीच्या दोन्ही टोकांना * टाइप केलं की ती ठळक उमटते.

शुक्रवारी संध्याकाळी गेलेला मराठी निरोप असा होता:

नमस्कार ताई. साडी बदलून मिळेल. पार्सल देण्याची शेवटची तारीख: मंगळवार, 10 जून.

आमच्या फोटोत रंग चुकीचा दिसला, म्हणून दोन्ही वेळचा कुरिअर खर्च आमचा. तुम्हाला काही द्यायचं नाही.

1. दुसरी साडी हवी की पैसे परत, एवढंच शनिवार, 7 जूनच्या संध्याकाळपर्यंत कळवा.

2. साडी, ब्लाउजपीस आणि बिल आलेल्याच डब्यात ठेवा. साडीवरची चिठ्ठी काढू नका.

3. सोमवार, 9 जूनला कुरिअरवाला घरी येईल. भेट झाली नाही तर मंगळवारी पुन्हा येईल. पार्सल दिल्याची पावती घ्या आणि तिचा फोटो पाठवा.

पैसे हवे असतील तर ते शनिवार, 14 जूनपर्यंत मिळतील (6,450 रुपये). दुसरी साडी हवी असेल तर ती बुधवार, 18 जूनपर्यंत पोचेल.

अडचण आली तर याच नंबरवर फोन करा, सकाळी 11 ते रात्री 8.

आणि त्यापाठोपाठ हिंदी:

नमस्ते जी। साड़ी बदल दी जाएगी। पार्सल देने की आख़िरी तारीख: मंगलवार, 10 जून।

हमारी फ़ोटो में रंग ग़लत दिखा, इसलिए दोनों तरफ़ का कूरियर ख़र्च हमारा है। आपको कुछ नहीं देना है।

1. दूसरी साड़ी चाहिए या पैसे वापस, बस इतना शनिवार, 7 जून की शाम तक बता दीजिए।

2. साड़ी, ब्लाउज़ पीस और बिल उसी डिब्बे में रखिए। साड़ी पर लगी पर्ची मत हटाइए।

3. सोमवार, 9 जून को कूरियर वाला घर आएगा। आप नहीं मिले तो मंगलवार को फिर आएगा। पार्सल देने की रसीद लीजिए और उसकी फ़ोटो भेजिए।

पैसे चाहिए तो शनिवार, 14 जून तक मिल जाएँगे (6,450 रुपये)। दूसरी साड़ी चाहिए तो बुधवार, 18 जून तक पहुँच जाएगी।

कोई दिक़्क़त हो तो इसी नंबर पर फ़ोन कीजिए, सुबह 11 से रात 8 बजे तक।

या दोन निरोपांत अलंकार काही नाहीत, पण काही गोष्टी मुद्दाम केलेल्या आहेत. आकडे दोन्हीकडे एकाच लिपीत आहेत, पार्सलवर आणि बँकेच्या निरोपात छापून येतात त्याच. त्यामुळे ऑर्डरचा नंबर, रक्कम, तारीख ताडून पाहायला सोपं जातं. ग्राहकाच्या निरोपात ‘परवा’ होतं, दुकानाच्या उत्तरात तसा एकही शब्द नाही. परवा, उद्या, पुढच्या आठवड्यात, लवकरात लवकर हे सगळे शब्द निरोप कधी वाचला यावर अवलंबून असतात, आणि व्हॉट्सअ‍ॅपचे निरोप दोन दिवसांनीही वाचले जातात. पायऱ्या ज्या क्रमाने करायच्या त्याच क्रमाने लिहिल्या आहेत. ‘बिल जोडणे आवश्यक आहे’ यापेक्षा ‘बिल डब्यात ठेवा’ हे वाचणाऱ्याला लगेच करता येतं. कायद्याचं कलम निरोपात कुठेही नाही. ते दुकानदाराला ठाऊक असावं, ग्राहकाला ऐकवायची गरज नसते.

तिसऱ्या पायरीतली पावती क्षुल्लक वाटेल, पण साडी वाटेत हरवली तर सगळा वाद तिच्यावर येऊन थांबतो. पावती असेल तर पार्सल ग्राहकाच्या हातून सुटल्याचं सिद्ध होतं, आणि कुरिअर दुकानाने लावलेलं असल्यामुळे पुढची जबाबदारी दुकानाची. बदलीचे निरोप पाठवणारी पुष्कळ दुकानं नेमकी हीच ओळ विसरतात.

शेवटच्या तारखेबद्दल एक खुलासा हवा. पसंतीसाठी केलेल्या बदलीत १० जून ही भिंत असू शकते, ती ओलांडली की नाही म्हणायचा दुकानाला अधिकार आहे. इथे मात्र चूक दुकानाची, आणि ग्राहकाने तक्रार मुदतीतच केली आहे. सोमवारी घर बंद होतं, मंगळवारी कुरिअरवाला आलाच नाही, एवढ्यावरून तिचा हक्क बुडत नाही. म्हणून निरोपात ‘त्यानंतर कोणतीही तक्रार ऐकली जाणार नाही’ हे आवडतं वाक्य नाही. त्या जागी फोनची वेळ आहे.

पैशांच्या ओळीवर सर्वांत जास्त गोंधळ होतो. सदोष मालाबाबत कायदा किंमत परत करण्याची भाषा करतो. तिथे ‘क्रेडिट नोट घ्या, सहा महिन्यांत वापरा’ असं गळ्यात मारणं धोक्याचं. ग्राहक स्वतःहून क्रेडिट नोट मागत असेल तर गोष्ट वेगळी. शक्यतो ज्या मार्गाने पैसे आले त्याच मार्गाने परत पाठवावेत. यूपीआयने आले असतील तर यूपीआयने. इथे आणखी एक ओळ जोडणारी दुकानं शहाणी म्हणायची: ‘पैसे मिळवण्यासाठी कोणताही कोड स्कॅन करू नका, पिन टाकू नका.’ यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना नाही. बनावट परताव्याचे फोन नेमका उलटा समज करून देतात, आणि नुकतंच ‘पैसे परत मिळतील’ असं वाचलेला ग्राहक त्यांना सहज फसतो.

नकार लिहिणं अर्थातच अवघड. समजा, दुसऱ्या एका ग्राहकाने साडीला फॉल-पिको करून घेतलं आणि मग नणंदेकडेही तशीच साडी आहे म्हणून ती बदलून मागितली. हा निखळ पसंतीचा मामला. फॉल लावलेली साडी नवी म्हणून विकता येत नाही, त्यामुळे नाही म्हणण्यात काही गैर नाही. तरीही ‘पॉलिसी वाचा’ असं तोडून टाकण्यापेक्षा तीन वाक्यं पुरतात.

नमस्कार ताई. ही साडी बदलता येणार नाही. फॉल-पिको झालेली साडी पसंतीसाठी बदलून मिळत नाही, ही अट बिलावर मुदतीच्या खाली छापलेली आहे. विणीत, जरीत किंवा रंगात दोष दिसला तर मात्र गुरुवार, 12 जूनपर्यंत फोटो पाठवा, फॉल लावलेला असला तरी आम्ही पाहू.

नमस्ते जी। यह साड़ी बदली नहीं जा सकेगी। फ़ॉल-पीको हो चुकी साड़ी पसंद के कारण नहीं बदली जाती, यह शर्त बिल पर समय-सीमा के नीचे छपी है। बुनाई, ज़री या रंग में ख़राबी दिखे तो गुरुवार, 12 जून तक फ़ोटो भेजिए, फ़ॉल लगा हो तब भी हम देखेंगे।

शेवटचं वाक्य सौजन्यापोटी घातलेलं नाही. घडी पूर्ण उलगडल्याशिवाय, म्हणजे पुष्कळदा फॉल लावतानाच, मधल्या भागातला तुटलेला धागा किंवा डाग दिसतो. फॉल लावला एवढ्या कारणाने दोषाची तक्रारही फेटाळायची, हा पसंतीचा नियम दोषाला लावण्याचा प्रकार झाला. अनेक दुकानांचं छापील धोरण इथेच लंगडतं. फॉल-पिको, ब्लाउजपीस कापणे, एकदा नेसणे या सगळ्या अटी एका ओळीत लिहिलेल्या असतात आणि त्या कोणत्या मागणीला लागू आहेत हेच लिहिलेलं नसतं.

‘डबा उघडतानाचा व्हिडिओ नसेल तर तक्रार घेणार नाही’ ही अटही अलीकडे सर्रास दिसते. डब्यात साडीच नव्हती किंवा भलतीच होती, अशा वादात व्हिडिओ उपयोगी पडतो हे खरं. पण रंग किंवा विणीचा दोष नंतर काढलेल्या फोटोतही दिसतो, तिथे व्हिडिओचा आग्रह धरून नकार देणं पटण्यासारखं नाही.

रोज दहा-पंधरा निरोप येत असतील तर दर वेळी नव्याने लिहिणं शक्य नाही. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमध्ये तयार उत्तरं साठवायची सोय आहे, / टाइप केलं की ती समोर येतात. बहुतेक दुकानांना चार उत्तरांच्या जोड्या पुरतात: दोषासाठी होकार, पसंतीसाठी होकार, पसंतीसाठी नकार, आणि ‘उजेडातला फोटो पाठवा’. तारखांच्या जागी कोऱ्या रेघा ठेवाव्यात, जुनी तारीख ठेवू नये. रेघ चुकून तशीच गेली तर ग्राहक विचारते तरी. मागच्या महिन्याची तारीख गेली तर ती गोंधळते किंवा भांडते. दुसरी नेहमीची चूक म्हणजे मराठी निरोपातली तारीख बदलायची आणि हिंदीतली राहून जायची. पाठवण्याआधी दोन्ही निरोपांतले फक्त आकडे एकापाठोपाठ वाचले तर ती लगेच सापडते. वरच्या जोडीत ते 10, 7, 9, 14, 6,450, 18, 11, 8 असे दोन्हीकडे त्याच क्रमाने येतात. पायऱ्यांचे आकडे वेगळे धरायचे.

निर्णयाला वेळ लागणार असेल तर तेही लिहून कळवावं. ई-कॉमर्स नियमांत तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात अशी मर्यादा आहे. दुकान छोटं असलं तरी हा मापदंड वापरायला हरकत नाही. ‘तक्रार मिळाली, सोमवार, 9 जूनला संध्याकाळी 6 पर्यंत निर्णय कळवू’ एवढी एक ओळ दोन्ही भाषांत गेली की मधले तीन फोन वाचतात. ती गेली नाही, तर ग्राहक राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर फिरवू शकते. तिथून विचारणा आली की दुकानाला तेच दाखवावं लागतं, जे आधीच लिहायला हवं होतं: मागणी कधी आली, ती दोषाची मानली की पसंतीची, आणि कोणती तारीख दिली.